मदत हवी आहे: १३ वर्षांच्या मुलाचा हट्टीपणा वयाचा की ओडीडी?

मुलगा आठवीत आहे. उलट बोलणं वर्षभर आहेच, ते मी वयावर सोडलं होतं. पण शाळेच्या समुपदेशक बाईंनी ओडीडी (अपोझिशनल डिफायंट डिसऑर्डर), म्हणजे सतत विरोध आणि चिडचिड करण्याचा वर्तनविकार, हा शब्द काढल्यापासून सहा आठवडे वहीत नोंदी ठेवतेय.

त्यात दिसलं ते असं: आठवड्यात चार-पाच दिवस भांडण. मोबाईल आणि अभ्यासावरून झालेलं तासाभरात निवळतं, त्याची मला काळजी नाही. पण "तुझ्यामुळेच झालं" म्हणत दोन-दोन दिवस डूख धरणं, बहिणीला मुद्दाम डिवचणं, साध्या "जेवायला ये"वर भडकणं हे सात-आठ महिने चालू आहे. शाळेत, क्रिकेटला मात्र एकही तक्रार नाही. मारामारी, चोरी, पळून जाणं नाही. झोप, भूक, मार्क ठीक.

मोबाईल काढून घेतला, तर आणखी चिघळलं. मोजके नियम आणि नियम पाळल्यावर लगेच कौतुक, हे महिनाभर केलं. सकाळची भांडणं कमी झाली, संध्याकाळची नाहीत.

निकष वाचलेत: आठपैकी चार लक्षणं, सहा महिने, आठवड्यातून एकदा तरी, आणि फक्त भावंडाशी नव्हे. आकड्यांत तो बसतो. फक्त घरातच असेल तर 'सौम्य' म्हणतात, हेही कळलं.

माझा प्रश्न एवढाच: शाळेत सगळं सुरळीत असताना केवळ घरातल्या वागण्यावरून बालमानसोपचारतज्ज्ञांकडे आत्ताच जावं का? आणि पहिल्या भेटीत त्याला न्यावं, की आधी आम्ही दोघांनीच जावं?