खोका अस्सल, आतला माल कुणाचा?

जोशी (सेक्रेटरी): सर्वांना नमस्कार. या महिन्याची मेंटेनन्स बिलं उद्या वाटतो. ऑफिसच्या प्रिंटरमध्ये नवीन टोनर टाकलं, तरी प्रत्येक कागदावर काळे ठिपके येतायत आणि कडेला राखाडी झाक. टोनर ओरिजिनल आहे, ऑनलाइन मागवलं होतं. कुणाला काही सुचतंय का?

राणे (खजिनदार): छापील किमतीच्या जवळपास निम्म्यात मिळालं होतं, तेव्हाच मला शंका आली होती.

जोशी (सेक्रेटरी): राणे साहेब, तेव्हा "स्वस्त मिळालं, छान" असा मेसेज तुमचाच होता 😄

सुनील (बी-३०४): काका, मी बरीच वर्षं प्रिंटर दुरुस्तीत आहे, म्हणून विचारतो. ठिपके कुठेही पडतायत की ठरावीक अंतरावर? एका बिलावर पट्टी ठेवून एका ठिपक्यापासून त्याच रेषेतल्या खालच्या ठिपक्यापर्यंत मोजा.

जोशी (सेक्रेटरी): साडेसात सेंटिमीटर. त्याच्या खालचाही तेवढ्यावरच आहे.

सुनील (बी-३०४): मग ड्रम, म्हणजे कागदावर छाप उमटवणारं फिरतं नळकांडं. आपल्या ऑफिसात एचपीचं ८८ए टोनर लागतं. त्याच्या आतल्या ड्रमचा व्यास साधारण २४ मिमी, म्हणजे एक फेरा झाला की कागद साडेसात सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. ड्रमवर एक ओरखडा असेल तर प्रत्येक फेऱ्याला तो तिथेच उमटतो. पावडर, ड्रम, ड्रम पुसणारं ब्लेड, उरलेली पावडर साठवायची जागा, सगळं याच डब्यात असतं. नवीन डब्यातला ड्रम पहिल्याच दिवशी ओरखडलेला नसतो. राखाडी झाक बहुतेक दुसऱ्याच पावडरीमुळे. खोका फेकला नाही ना?

जोशी (सेक्रेटरी): गणेशने जपून ठेवलाय. फोटो टाकतो.

📷 खोका, समोरून
📷 झाकणाची बाजू
📷 टोनरचा डबा

मीनल (ए-१०२): काका, खोक्यावरचा क्यूआर मी मघाशी ऑफिसात येऊन स्कॅन केला. एचपीच्याच साइटवर गेलं आणि बरोबर असल्याचं दाखवलं. मग डुप्लिकेट कसं असेल?

सुनील (बी-३०४): मीनल, चांगलं केलंस. पण लेबल खोक्यावर आहे, डब्यावर नाही. लेबल अस्सल निघालं तर खोका अस्सल, एवढंच कळलं.
या धंद्यात खोटा खोका छापणारे आहेत, पण आपल्याकडे जास्त चालतं ते वेगळंच. वापरलेला अस्सल डबा त्याच्या अस्सल खोक्यासकट विकत घ्यायचा, आत साधी पावडर भरायची आणि त्याच खोक्यात घालून "सीलबंद" म्हणून विकायचा. छपाई बघून तो पकडता येत नाही, कारण छपाई कंपनीचीच असते.

देशपांडे काका (सी-२०१): म्हणजे होलोग्राम वगैरे सगळं फुकट?

सुनील (बी-३०४): फुकट नाही काका, पहिली चाळणी आहे. सरसकट खोटा खोका तिथेच अडकतो. एचपीचं लेबल हातात तिरकं करून बघा. खालीवर हलवलं की त्यातली अक्षरं आणि बरोबरची खूण एकमेकांच्या उलट दिशेला सरकतात, डावीउजवीकडे हलवलं की एकाच दिशेला जातात. नकली लेबल नुसतं चकाकतं, आतलं काही सरकत नाही. स्कॅन केल्यावर पान कुठल्या पत्त्यावर उघडलं तेही वाचा, कारण खोटा क्यूआर खोट्या साइटवर नेऊन "Genuine" दाखवू शकतो. मला शंका आली तर मी hp.com/go/ok हा पत्ता स्वतः टाइप करतो.
छपाईत मी बारीक अक्षरं बघतो. स्कॅन करून छापलेल्या खोक्यावर मोठं नाव ठीक दिसतं, पण पत्ता आणि इशाऱ्याच्या ओळी कडेला फुटलेल्या, रंगीत सावली पडलेल्या दिसतात. आयात मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि एमआरपी छापणं कायद्याने बंधनकारक आहे. ते स्टिकरच नसेल तर पुढे बघायची गरज नाही.

सुनील (बी-३०४): आता जोशी काकांचा दुसरा फोटो मोठा करून बघा. झाकणाच्या कडेला पारदर्शक सेलोटेप आहे. तिच्याखाली पुठ्ठ्याचा वरचा रंगीत कागद सोलला गेलाय आणि आतला तपकिरी थर दिसतोय. कारखान्यात झाकण गोंदाने चिकटवतात. एकदा उचकटलं की गोंद कागद घेऊनच निघतो, तो पुन्हा बसवता येत नाही. म्हणून वरून टेप मारायची. घाऊक दुकानातून एखादा खोका दबून, फाटून येऊ शकतो, त्यामुळे एवढ्यावरून मी कुणाला चोर म्हणणार नाही.

कुलकर्णी मॅडम (ए-४०३): मग नक्की कशावरून म्हणणार?

सुनील (बी-३०४): आतल्या सीलवरून. जोशी काका, डबा बसवायच्या आधी गणेशने बाजूचा टॅब वाकवून तोडून ओढला होता का? केवढी पट्टी निघाली?

जोशी (सेक्रेटरी): विचारतो… म्हणतो, टॅब हलकासा ओढल्यावर हातातच आला, त्याला बोटभर पट्टी होती. त्याला वाटलं तेवढीच असते.

सुनील (बी-३०४): तिथेच सगळं आलं. पावडरीचा कप्पा आणि रोलर यांच्यामध्ये एक लांब फट असते. वाहतुकीत पावडर सांडू नये म्हणून कारखान्यात त्या फटीवर पट्टी उष्णतेने चिकटवतात. ती पूर्ण फटीवरून जाऊन उलटी दुमडून बाहेर काढलेली असते, म्हणून ओढताना डब्याच्या लांबीच्या जवळपास दुप्पट निघते. हाताला एकसारखा ताण लागतो आणि शेवटी सुटल्याचं कळतं.
रिफिल करणाऱ्याला ती परत बसवायची तर डबा पूर्ण उघडावा लागतो. तेवढा उद्योग कोण करणार? टॅबला आखूड तुकडा चिकटवून नुसता आत खोचतात. काही जण नवीन सील बसवतातही, बाजारात मिळतं. पण ते गोंदाचं असतं, एकदम सैल निघतं किंवा मधेच तुटतं, आणि फटीभोवती पावडर सांडलेली असते.

देशपांडे काका (सी-२०१): सुनील, सगळे चिप चिप म्हणतात. माझ्या घरच्या जुन्या लेझरच्या टोनरला चिपच नाही! १२ए आहे. म्हणजे मलाही फसवलं काय?

सुनील (बी-३०४): नाही हो काका 😄 १२एला चिप नसतेच. तुमच्याकडे सील, ड्रम आणि डब्याची टोकं एवढंच बघायचं. १२ए उघडताना बाजूच्या खिळ्या काढाव्या लागतात, त्यासाठी बरेच जण टोकाला छिद्र पाडतात आणि मग बुजवतात. ती जागा नखाने चाचपली तरी कळते.
आपल्या ८८एला चिप आहे, प्रिंटर डबा ओळखतो तो तिच्यावरून. तिच्यावर सोनेरी पट्ट्या असतात. डबा आत सरकवला की प्रिंटरचे स्प्रिंगवाले पिन त्या पट्ट्यांवरून घासत जातात आणि केसाएवढी रेघ पडते. नवीन डब्याच्या पट्ट्या कोऱ्या हव्यात.

मीनल (ए-१०२): पण गणेशदादांनी डबा बसवून झालाय. रेघ त्यांच्यामुळेही पडली असेल ना?

सुनील (बी-३०४): अगदी बरोबर. म्हणून नुसती रेघ आहे म्हणून मी काही म्हणणार नाही. पण तिसऱ्या फोटोत एका पट्टीवर शेजारीशेजारी चार-पाच रेघा दिसतात, प्रत्येक जरा सरकलेली. एकदा बसवून तेवढ्या पडत नाहीत. हा डबा आधी बऱ्याचदा आत-बाहेर झालाय.
उलटही होतं. काही जण जुनी चिप काढून नवी लावतात, मग पट्ट्या लखलखीत दिसतात. तेव्हा चिप बसलीय कशी ते बघायचं. मूळ चिप तिच्या खाचेत सपाट, घट्ट असते. बदललेली जरा तिरकी असते किंवा कडेने गोंद वर आलेला दिसतो.

मीनल (ए-१०२): माझ्या इंकजेटलाही हेच लागू का? छोटं ८०३ कार्ट्रिज आहे.

सुनील (बी-३०४): जवळपास. तिथे तांबूस पट्टीवर बारीक ठिपके असतात, त्यावर पिन टोचतात. टोचल्याच्या खुणा किंवा शाई सुकलेली दिसली तर वापरलेलं आहे. खालच्या नोझलवरची प्लॅस्टिक टेप कारखान्यात एकसारखी दाबून लावलेली असते. ती सुरकुतलेली असेल, खाली शाई पसरली असेल तर घेऊ नकोस. काही प्रिंटर स्वतःच स्क्रीनवर "Used, Refilled or Counterfeit Cartridge Detected" दाखवतात. पण दुसऱ्या प्रिंटरमधून काढलेलं तुझंच कार्ट्रिज लावलंस तरी हा मेसेज येतो, तेव्हा घाबरू नकोस.

राणे (खजिनदार): मग रिफिल बेकायदेशीर आहे का? आपण मागे दोन वर्षं रिफिलच करून घेत होतो.

सुनील (बी-३०४): छे. रिफिल म्हणून, रिफिलच्या भावात विकलं तर काही गैर नाही. कंपॅटिबल टोनरही स्वतःच्या नावाने उघडपणे मिळतात. गुन्हा आहे तो त्याला "ओरिजिनल" म्हणून विकण्यात. वॉरंटीचंही तसंच. रिफिल वापरल्याने प्रिंटरची वॉरंटी जात नाही, पण त्याच्यामुळे काही बिघडलं तर तो खर्च कंपनी देत नाही.

जोशी (सेक्रेटरी): मग आता काय करू? गणेश म्हणतोय प्रिंटरच्या आतही पावडर सांडलीय.

सुनील (बी-३०४): डबा काढून काळ्या पिशवीत ठेवा, ड्रमला उजेड लागू देऊ नका. सांडलेली पावडर सुक्या कापडाने अलगद टिपा. घरचा व्हॅक्युम लावू नका, एवढी बारीक पावडर त्याच्या फिल्टरमधून पार होऊन हवेत उडते. हाताला-कपड्याला लागली तर गार पाणी. गरम पाण्याने ती वितळून बसते.
आणि खोका, टॅब, सेलोटेप, काही फेकू नका. चिपचा जवळून फोटो, ड्रमवरच्या ओरखड्याचा फोटो, पट्टी ठेवलेल्या बिलाचा फोटो आणि ऑर्डरचं बिल, सगळं परताव्याच्या विनंतीला जोडा. "प्रिंट खराब येते" एवढंच लिहाल तर दुसरा तसलाच डबा पाठवतील. "सील नाही, चिप वापरलेली" असं लिहा.

राणे (खजिनदार): बिलावर जीएसटी नंबर आहे, मी तपासला. विक्रेता आठ दिवसांत वळला नाही तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकतो.

जोशी (सेक्रेटरी): आणि बिलं?

कुलकर्णी मॅडम (ए-४०३): पीडीएफ मला पाठवा, मी शाळेतून येताना झेरॉक्सवाल्याकडून काढून आणते. पैसे राणे साहेबांकडून.

सुनील (बी-३०४): एक राहिलं. गेटवर एक जण रिकामी टोनर घ्यायला येतो, खोक्यासकट दिलं तर जास्त पैसे देतो. त्याला खोका कशाला हवा असतो ते आता कळलं असेल. यापुढे टोनर संपलं की लेबलवर कटर आडवा-उभा फिरवा, खोका फाडून रद्दीत टाका आणि डबा तेवढा वेगळा द्या.

देशपांडे काका (सी-२०१): अरे, मी गेल्या महिन्यात खोक्यासकट दिलं त्याला. वीस रुपये जास्त दिले म्हणून चहा पाजला होता 🤦

जोशी (सेक्रेटरी): वॉचमनला सांगतो. राणे साहेब, परताव्याचा मेल टाकला, सीसीमध्ये तुम्ही आहात.