मदत हवी आहे: पॅट्रोनिमिक, एपोनिम, टोपोनिम आणि मोनोनिम. भाचीच्या यादीत काय चुकतंय?

अबोली

भाची आठवीत आहे. शाळेच्या भाषा प्रकल्पात तिला हे चार शब्द आलेत आणि प्रत्येकाची रोजच्या वापरातली उदाहरणं गोळा करायची आहेत. काल रात्री जेवणं उरकल्यावर आम्ही दोघी वही घेऊन बसलो. तिची यादी अशी झाली:

पॅट्रोनिमिक: पाटील, देशमुख (कारण आडनाव बाबांकडून येतं)
टोपोनिम: कोल्हापूरकर, मंगेशकर, गावकर, पैठणी
एपोनिम: डिझेल, सँडविच, हापूस
मोनोनिम: पेले, रेखा, आजी (कारण तिला घरात सगळे फक्त 'आजी' म्हणतात)

'आजी' मी खोडायला लावलं, कारण ते नातं झालं, नाव नाही. पण बाकीचं मलाही नीट सांगता येईना. ती विचारते, "मावशी, सँडविच नावाचं गावसुद्धा आहे, मग ते टोपोनिम का नाही?" मला उत्तर आलं नाही. शुक्रवारी वही द्यायची आहे. कुणी समजावून सांगेल का?

विनय_ठाणे

नाव बदलायचं असेल तर राजपत्रात जाहिरात द्यावी लागते. अर्ज ऑनलाइन होतो. आधार, जुना दाखला आणि फोटो हाताशी ठेवा.

अबोली

विनयदादा, नाव बदलायचं नाहीये हो, नावांचे प्रकार समजून घ्यायचेत. तरी धन्यवाद.

गोदाकाठ

अबोलीताई, भाचीचा सँडविचचा प्रश्न फार चांगला आहे. त्याच्याकडे येतोच, पण आधी घरातलं उदाहरण घेऊ, म्हणजे परकी नावं सोपी जातील.

सीतेची नावं आठवा. जानकी म्हणजे जनकाची मुलगी. वडिलांच्या नावावरून घडलेलं नाव, हे पॅट्रोनिमिक. तिचंच दुसरं नाव वैदेही, ते विदेह देशावरून. तिसरं मैथिली, ते मिथिलेवरून. ही दोन्ही स्थळावरून आली. द्रौपदीचंही तसंच आहे. द्रुपदाची म्हणून द्रौपदी, पांचाल देशाची म्हणून पांचाली, आणि तिचं स्वतःचं नाव कृष्णा.

आता एक बारकावा, जिथे भाचीची यादी घसरली आहे. टोपोनिम म्हणजे खुद्द जागेचं नाव. मिथिला हे टोपोनिम. मैथिली हे त्यावरून पडलेलं माणसाचं नाव. त्याच हिशेबाने कोल्हापूर हे टोपोनिम आणि कोल्हापूरकर हे त्यावरून आलेलं आडनाव. पैठण हे टोपोनिम, पैठणी ही त्यावरून नाव पडलेली साडी. वहीत दोन रकाने करा, जागा एकात आणि जागेवरून आलेलं दुसऱ्यात.

पाटील आणि देशमुख मात्र काढा. ती वतनाची, हुद्द्याची नावं आहेत. बाबांकडून मिळतात हे खरं, पण पॅट्रोनिमिक होण्यासाठी नावाच्या पोटात बापाचं नाव असावं लागतं. ते आपल्याकडे मधल्या नावात असतं. सचिन रमेश तेंडुलकर, यातलं 'रमेश' हे पॅट्रोनिमिकचं काम करतं.

मास्तर_मालवण

'कर' लागलं की गावाचं नाव, हा सरळ नियम आहे. कोकणात आम्हाला हे शिकवावं लागत नाही. आणि हापूसचं म्हणाल तर अफोन्सो दि अल्बुकर्कने तो पोर्तुगालहून आणला, म्हणून अल्फान्सो आणि त्याचा हापूस झाला.

गोदाकाठ

मास्तर, नियम बहुतेक वेळा चालतो, पण भाचीच्या यादीतच त्याला अडवणारं नाव आहे. गावकर. त्यात कुठल्याच एका गावाचं नाव नाही. गोव्यात आणि तळकोकणात गावकर किंवा गांवकार म्हणजे गावच्या कारभारात हक्क असलेलं घराणं. तिथे 'गाव' हे सामान्यनाम आहे. म्हणून 'कर' दिसला की विचारायचं, त्याच्या आधी उरलेलं नाव नकाशावर सापडतं का?

हापूसबद्दलही थोडी दुरुस्ती. आंबा पोर्तुगालचा नव्हेच, तो आपल्याच भागातला. पोर्तुगिजांकडून आली ती कलमं बांधायची पद्धत, असं साधारणपणे मानतात. नाव अफोन्सोवरून आलं हे बरोबर, आणि तो अफोन्सो म्हणजे 1510 मध्ये गोवा जिंकणारा अल्बुकर्क हेही सर्वत्र सांगितलं जातं. पण अफोन्सो हे पोर्तुगिजांत अगदी चालू नाव होतं, म्हणून वहीत 'असं मानतात' लिहिलेलं बरं.

मास्तर_मालवण

गावकर मान्य. हापूसबद्दल मी माझ्या आजोबांकडून ऐकलं तेच सांगणार.

नाना_दुबई

मोनोनिमचा विषय निघाला म्हणून आमच्या घरचं सांगतो. माझी बायको तमिळ. सासऱ्यांना आडनाव नाही. त्यांच्याकडे वडिलांच्या नावाचं आद्याक्षर पुढे लावतात आणि मग स्वतःचं नाव. पासपोर्ट काढताना आद्याक्षर गळलं, आडनावाचा रकाना कोरा राहिला आणि नुसतं एक नाव उरलं. पुढे अमेरिकेचा व्हिसा आला, त्यावर त्यांचं नाव आडनावाच्या जागी आणि नावाच्या जागी `FNU`. म्हणजे पहिलं नाव माहीत नाही. सत्तरीतल्या माणसाला स्वतःच्या नावाच्या जागी 'माहीत नाही' वाचायला लागलं, ते त्यांना फार लागलं.

मग 2022 च्या नोव्हेंबरात इकडे अमिरातीत नियम आला की पासपोर्टवर एकच शब्द असेल तर भेटीच्या व्हिसावर प्रवेश नाही. आमची तिकिटं काढून झाली होती. नंतर खुलासा आला की पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचं किंवा घराण्याचं नाव असेल तर चालेल. सासऱ्यांच्या दुसऱ्या पानावर वडिलांचं नाव होतं, म्हणून ते येऊ शकले. मोनोनिम म्हणजे पेले आणि रेखाच नव्हेत, एवढंच म्हणायचंय.

गोदाकाठ

नाना, हे वहीत जायलाच हवं. मोनोनिम म्हणजे एकाच शब्दाचं नाव, आणि ते दोन तऱ्हांनी होतं. पेलेचं खरं नाव लांबलचक होतं, जग त्याला एका शब्दाने ओळखायचं. इंडोनेशियाच्या सुकार्नोंना मात्र एकच नाव होतं, ते त्यांचं पूर्ण नाव. तुमचे सासरे या दोन्हींत बसत नाहीत. त्यांना पॅट्रोनिमिक होतं, ते अक्षराच्या रूपात होतं, आणि पासपोर्टच्या रकान्यांनी त्यांना मोनोनिम केलं.

निशिगंधा

मधल्या नावावरून माझा प्रश्न. लग्नाआधी माझं मधलं नाव बाबांचं होतं, लग्नानंतर नवऱ्याचं झालं. जागा तीच, काम वेगळं. मग त्याला पॅट्रोनिमिक म्हणायचं का?

गोदाकाठ

माझ्या मते नाही. पॅट्रोनिमिक बाप आणि अपत्य यांचं नातं सांगतं. आइसलंडमध्ये हे स्वच्छ दिसतं. तिथे बहुतेकांना आडनाव नसतंच. 1980 ते 1996 या काळात व्हिग्दिस फिनबोगादोत्तिर तिथल्या राष्ट्राध्यक्ष होत्या. 'फिनबोगादोत्तिर' म्हणजे फिनबोगीची मुलगी. लग्न झालं तरी बापाचं नाव बदलत नाही, म्हणून हे नावही बदलत नाही. त्यांच्या भावाला 'दोत्तिर' लागणार नाही, त्याला मुलगा या अर्थाचं 'सॉन' लागेल.

निशिगंधा

पण नव्या नियमात आईचं नावही आलंय ना? मग ते काय?

गोदाकाठ

हो. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा क्रम ठरला आहे. आईवरून आलेल्या नावाला मॅट्रोनिमिक म्हणतात आणि ते आपल्या मातीला नवं नाही. नाशिकच्या लेण्यातल्या शिलालेखात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी येतो, गौतमीचा मुलगा. त्याच्यामागून आलेला पुळुमावी वासिष्ठीपुत्र. राजे आईचं नाव लावून मिरवत होते.

निशिगंधा

तरी नवऱ्याच्या नावाचं उत्तर मला पटलं नाही. कागदावर त्याच रकान्यात 'वडिलांचे/पतीचे नाव' असं लिहिलेलं असतं. रकाना एकच धरतो, मग शब्द दोन कशाला?

अबोली

गोदाकाठ, सँडविच राहिलं. आणि एपोनिम ओळखायची काही खूण आहे का? डिझेलमध्ये माणूस दडलाय हे भाचीला कसं कळावं?

गोदाकाठ

सँडविच हे इंग्लंडमधल्या केंट परगण्यातलं गाव. ते टोपोनिम. त्या गावाच्या नावाने सरदारकी होती, त्या सरदाराला सँडविचचा अर्ल म्हणत. अठराव्या शतकातल्या एका अर्लवरून पावात भरून खायच्या पदार्थाला नाव पडलं. गाव, गावावरून माणूस, माणसावरून पदार्थ. एपोनिम म्हणजे माणसाच्या नावावरून पडलेलं नाव. पदार्थाचं नाव थेट माणसावरून आलं म्हणून तो एपोनिमच्या रकान्यात, पण मुळाशी गाव आहे. भाचीला शाबासकी द्या.

आपल्याकडची अशीच साखळी मंगेशकर. मास्टर दीनानाथांनी हे आडनाव गोव्यातल्या मंगेशीवरून घेतलं. पण मंगेशी हे नाव तरी कुठून आलं? तिथल्या मंगेश देवावरून. देवावरून जागा, जागेवरून आडनाव. त्यामुळे कुठलंही नाव कोणत्या रकान्यात टाकायचं हे ठरवताना ते कशाला दिलंय आणि थेट कशावरून दिलंय, हे दोनच प्रश्न विचारा.

आता खूण. सगळ्या एपोनिमना नाही, पण एका गटाला पक्की खूण आहे. मोबाइलच्या चार्जरवर बारीक अक्षरात पाहा, `5V`, `2A`. बल्बच्या खोक्यावर `9W`. ही अक्षरं मोठी आहेत, कारण व्होल्टा, अँपिअर आणि वॅट ही माणसं होती. मीटरचा `m`, ग्रॅमचा `g`, सेकंदाचा `s` लहान, कारण त्यांत कुणी माणूस नाही. फसवणारं एकच आहे, लिटरचा मोठा `L`. लिटर नावाचं कुणी नव्हतं. लहान `l` आकडा 1 सारखा दिसतो म्हणून मोठाही चालतो.

मास्तर_मालवण

हे मी नववीच्या वर्गात सांगणार. चार्जर सगळ्या पोरांकडे असतो.

अबोली

आत्ता दोघींनी चष्मा लावून चार्जर वाचला. तिने दुधाची रिकामी पिशवीही कचऱ्यातून काढून धुतली आणि 'पाश्चराइज्ड' हा शब्द कापून वहीत चिकटवला, लुई पाश्चरसाठी. पाटील, देशमुख आणि गावकर खोडले. जानकी आणि मैथिली समोरासमोर लिहिल्या.

तिचा धाकटा भाऊ 2024 च्या जूनमधला. त्याचा जन्मदाखला काढून पाहिला, तर त्याच्या नावानंतर माझ्या बहिणीचं नाव आहे, मग भाऊजींचं. तिच्या स्वतःच्या दाखल्यावर फक्त बाबांचं. आता ती विचारते की एकाच घरातल्या दोन भावंडांची नावं दोन तऱ्हेची, मग तिला आईचं नाव मागाहून घालता येतं का? विनयदादा, तुम्ही राजपत्राचं सांगितलं होतंत ते आता खरंच हवंय. तिच्यासाठी तीच वाट आहे की दाखल्यावरच दुरुस्ती होते?