मदत हवी आहे: १२ हजारांचा पंखा ९ हजारच हवा देतोय (कांदा साठवण, निफाड)

निफाडकर_शेतकरी
शेडमध्ये जमिनीखालच्या डक्टमधून कांद्याला हवा देतो. सेंट्रिफ्युगल पंखा, कॅटलॉगला ताशी १२,००० घनमीटर. मोजली तर ९,००० भरते. व्हीएफडी आहे. किती हर्ट्झवर नेऊ म्हणजे १२,००० मिळेल? कांदा भरून झालाय, लवकर सांगा.

अंबड_वायरमन
सोपं आहे भाऊ. हवा वेगाच्या प्रमाणात वाढते. १२ भागिले ९ म्हणजे १.३३, म्हणून ६७ हर्ट्झ. पॅरामीटरमध्ये कमाल फ्रिक्वेन्सी वाढवा आणि चालू करा.

डक्टवाली_सातपूर
थांबा, ६७ वर नेऊ नका. आधी हे सांगा: १२,००० हवा कॅटलॉगमध्ये किती मिलिमीटर दाबाला लिहिली आहे? तुमच्याकडे पंख्याच्या तोंडाशी दाब किती? मोटर किती एचपी, आणि ५० हर्ट्झला व्हीएफडी किती किलोवॅट दाखवतो? हवा कशी मोजली?

लासलगाव_चाळ
आमच्या चाळीवर छपराला फिरते टर्बो व्हेंटिलेटर बसवलेत, विजेचा एक रुपया नाही. तेच लावा.

निफाडकर_शेतकरी
दादा, छपराचा प्रश्नच नाही, कांद्याच्या ढिगातून हवा जायला हवी.
ताई, कॅटलॉगला ४० मिमी. यू-ट्यूबने ६० भरला. मोटर ५ एचपी, व्हीएफडी २.९ किलोवॅट. ॲनिमोमीटर सक्शनवर सगळीकडे फिरवून सरासरी काढली.

डक्टवाली_सातपूर
मग पंख्यात खोट दिसत नाही. ४० मिमीला १२,००० देणारा पंखा ६० मिमीला ९,००० देतोय, म्हणजे तो आपल्याच वक्रावर वर सरकलाय. निवडताना डक्ट आणि ढीग यांचा अडथळा कमी धरला गेला. दाब हवेच्या वर्गाने वाढतो, म्हणून याच डक्टमधून १२,००० न्यायला १०७ मिमी लागतील.
६७ हर्ट्झवर तेवढा दाब येईलही, पण वीज वेगाच्या घनाने वाढते. २.९ गुणिले २.३७ म्हणजे जवळपास ७ किलोवॅट. ५ एचपीची मोटर पूर्ण भाराला सव्वाचारच्या आसपास घेते. शिवाय ५० च्या वर व्होल्टेज वाढत नाही, त्यामुळे मोटरचा जोर घटत जातो. ५७ हर्ट्झला तुम्ही मर्यादेला टेकाल, आणि हवा मिळेल १०,३०० च्या जवळ.

अंबड_वायरमन
घनाचं ध्यानात आलं. पण मग दुसरा तसाच पंखा शेजारी लावा, हवा दुप्पट.

डक्टवाली_सातपूर
दुप्पट होत नाही. डक्ट तोच, अडथळा तोच. त्यांच्या आकड्यांवरून दोन पंखे मिळून साडेदहा हजारांच्या आसपास थांबतील. शिवाय प्रत्येक पंखा वक्राच्या डाव्या टोकाकडे ढकलला जाईल, तिथे हवा हेलकावे खाऊ लागते आणि डक्ट थरथरतो.
निफाडकर, पंख्यानंतर लगेच बेंड आहे का?

निफाडकर_शेतकरी
आहे. जागा नव्हती, म्हणून काटकोनात खाली वळवलाय. तिथे काय?

डक्टवाली_सातपूर
बेंडच्या पुढे भोक पाडून दाब मोजा.

निफाडकर_शेतकरी
४१ मिमी.

डक्टवाली_सातपूर
म्हणजे १९ मिमी त्या एका वळणात जातात. आत वळणाच्या पट्ट्या बसवा. समजा नुकसान ६ वर आलं, तर अडथळा ४७ मिमी उरतो. नवा वक्र पंख्याच्या वक्राला ९,७०० जवळ छेदतो, तेही ५० हर्ट्झवरच. त्यावर ५७ केलं तर ११,००० च्या पुढे. पूर्ण १२,००० च हवेत तर ६२ हर्ट्झ आणि ७.५ एचपी मोटर लागेल, व्हीएफडीही त्याच मापाचा, पण इंपेलर किती आरपीएम सोसतो हे कंपनीकडून लेखी घ्या.

निफाडकर_शेतकरी
पट्ट्या उद्याच करून घेतो. एक राहिलं: रात्री वीज वाचवायला ३० हर्ट्झवर ठेवतो. नियमाने ५,४०० यायला हवी, ४,५०० च येते. का?

डक्टवाली_सातपूर
हवा बाहेर जाते तिथे वजनाने बंद होणाऱ्या झडपा आहेत का? त्या उघडायला ठरावीक दाब लागतो, तो वेगासोबत कमी होत नाही. मग साधं प्रमाण लागू पडत नाही.

कूलिंग_पिंपळगाव
झडपा नसल्या तरी असं होतं. कांद्याच्या ढिगाचा अडथळा पूर्ण वर्गाने वाढत नाही. त्यामुळे वेग कमी केला की दाब अपेक्षेएवढा उतरत नाही आणि हवा जास्त घटते. माझं मत ढीगच.

डक्टवाली_सातपूर
नुसत्या ढिगाने इतका फरक मला पटत नाही. झडपा असतील तर दोरीने उघड्या बांधून ३० वर पुन्हा मोजा.

निफाडकर_शेतकरी
झडपा आहेत, आठ. बांधून रात्री मोजतो.