मदत हवी आहे: पानांच्या गुणांची बेरीज 1 का येत नाही?

गुहागर_नि: परवा प्रोजेक्ट दाखवायचा आहे आणि दोन रात्री इथेच अडकलोय. गावच्या पर्यटनाची छोटी साइट आहे, तिच्यातली पानं पेजरँकने लावायची आहेत. सूत्र बरोबर आहे, डॅम्पिंग 0.85 घेतलंय. तरी गुणांची बेरीज 0.253 वर येऊन थांबते. 50 वेळा फिरवलं, 500 वेळा फिरवलं, तेवढीच. कुणीतरी सांगा पटकन.

खाडीवाला: पानं किती? कोण कुणाला लिंक देतं? हे न सांगता काय सांगणार?

गुहागर_नि: तीनच. दापोलीच्या पानावरून गुहागर आणि फेरीबोटीचं वेळापत्रक अशा दोन लिंका. गुहागरवरून फक्त वेळापत्रक.

```python
d = 0.85
r = [1/3, 1/3, 1/3]
for k in range(50):
    D, G, F = r
    r = [0.05, 0.05 + d*D/2, 0.05 + d*(D/2 + G)]
```

चिपळूणचा_संदीप: 0.85 जास्त होतंय. 0.5 करून बघ, बेरीज वाढेल.

मालवणी_घर: माझो होमस्टे आसा मालवणात. गुगलवर वर येवचा असात तर काय करूचा? धाकटा म्हणता लिंका विकत मिळतत.

खाडीवाला: ताई, त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे सांगतो. पैसे मात्र देऊ नका, विकत घेतलेल्या लिंका गुगलच्या नियमात बसत नाहीत.
नि, वेळापत्रकावरून पुढे कुठे लिंक आहे?

गुहागर_नि: नाही. ती पीडीएफ आहे, तिच्यात कसली लिंक?

खाडीवाला: मग तिथेच गळतंय. एक पाहुणा धर, जो डोळे मिटून लिंका दाबत फिरतो. 100 पैकी 85 वेळा तो समोरची एखादी लिंक दाबतो, 15 वेळा कंटाळून तिन्हीपैकी कुठलंही पान उघडतो. तुझा 0.05 म्हणजे त्या 0.15 चा तिसरा हिस्सा. आता तो दाभोळच्या धक्क्यावर, म्हणजे तुझ्या पीडीएफवर आला. धोपाव्याला जायला बोटच नाही. तुझ्या कोडमध्ये F कुठेच वापरलेला नाही, म्हणजे त्याच्या वाट्याचा 0.85 दर फेरीला समुद्रात जातो. डॅम्पिंग काढून टाक आणि बघ, तीन फेऱ्यांत सगळं शून्य होईल.

संदीप, 0.5 ने गळती कमी होईल, थांबणार नाही.

चिपळूणचा_संदीप: मग वेळापत्रकाला स्वतःचीच लिंक दे. गळती बंद.

गुहागर_नि: दिली! बेरीज बरोबर 1 आली. दापोली 0.05, गुहागर 0.071, वेळापत्रक 0.879. आभार संदीपदादा, सुटलं.

खाडीवाला: थांब, सुटलं नाही. पाहुणा आता धक्क्यावरच गोल फिरतोय, कंटाळा आला तरच सुटतो. म्हणून त्या एका पीडीएफला 0.879. बेरीज 1 आली एवढ्यावर उत्तर बरोबर ठरत नाही. बोट नसेल तर त्याला तिन्ही पानांवर सारखा वाटून टाक:

```python
    b = 0.05 + d*F/3
    r = [b, b + d*D/2, b + d*(D/2 + G)]
```

आता दापोली 0.198, गुहागर 0.282, वेळापत्रक 0.521. लिंकांचा तक्ता मांडलास की प्रत्येक स्तंभाची बेरीज 1 यायला हवी. तुझ्या मूळ तक्त्यात वेळापत्रकाचा स्तंभ सगळा शून्य होता. सगळे स्तंभ 1 चे झाले आणि त्यात डॅम्पिंग मिसळलं, की सर्वांत मोठी आयगेनव्हॅल्यू 1 असते. पुन्हा पुन्हा गुणून तू तिच्याच आयगेनव्हेक्टरवर येऊन थांबतोस. तेच गुण.

रत्नागिरी_मास्तर: एक भर घालतो. नि, तुझे पहिले 0.05, 0.071, 0.132 हे आकडे शेवटी 0.253 ने भाग. खाडीवाल्यांचेच आकडे येतील. गळकं पाणी तिन्ही पानांवर सारखंच परत ओततोय, म्हणून आपसातलं प्रमाण बदलत नाही. फक्त भागायचं ते अगदी शेवटी. दर फेरीला भागलंस तर वेळापत्रक 0.66 वर जातं.

खाडीवाला: मास्तर, बरोबर. पण उद्या 0.15 चा वाटा सारखा न देता, समजा, फक्त गुहागरला दिला आणि पीडीएफवरचा पाहुणा मात्र तिन्हीकडे पाठवला, तर ही युक्ती चुकेल. म्हणून मी आधी गळती बुजवतो.

चिपळूणचा_संदीप: एवढं कशाला? पेज आणि ब्रिन यांच्या पेजरँकवरच्या मूळ लेखात अशी बिनलिंकची पानं आधी काढून ठेवतात, हिशोब झाला की परत घालतात. मी तेच करीन.

रत्नागिरी_मास्तर: मोठ्या जाळ्यात चालतं ते. इथे वेळापत्रक काढलं की गुहागरकडे लिंक उरत नाही, म्हणून तेही काढायचं. मग दापोलीची पाळी. हिशोब कशाचा करणार?

चिपळूणचा_संदीप: एकदाच काढायचं, पुन्हा पुन्हा नाही.

रत्नागिरी_मास्तर: मग गुहागरला जी गळती लागली तिचं काय?

गुहागर_नि: b वालं टाकलं, 0.521 आलं. पण सर विचारतील, पीडीएफ पहिली आणि दापोली शेवटी कशी? दापोलीचं पान तर आम्ही सगळ्यात मेहनतीने लिहिलंय.

खाडीवाला: दापोलीला कुणीच लिंक देत नाही, म्हणून. पानात काय लिहिलंय ते हा हिशोब वाचतच नाही. गुहागरच्या पानावरून दापोलीला एक लिंक दे, पुन्हा चालव आणि नवे आकडे इथे टाक.