डिस्क फ्रीझरमध्ये ठेवायचा सल्ला, जरा थांबा

चिंचबाग:
हार्ड डिस्क डेड झाली की लगेच रडत बसायचं नाही. झिपच्या पिशवीत घाला, रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, सकाळी काढून गार आहे तोवर लावा आणि भराभर कॉपी करा. माझ्या दोन डिस्क अशाच वाचल्यात. डेटा रिकव्हरीवाले हे कधी सांगणार नाहीत, त्यांचा धंदा बसेल.

मुळाकाठ:
हे वाचून गप्प बसवत नाही म्हणून लिहितेय, लांबेल. मी अकरा वर्षं रिकव्हरी लॅबमध्ये डिस्क उघडायचं काम केलंय आणि दर पावसाळ्यात फ्रीझरमधून निघालेल्या डिस्क माझ्या टेबलावर आल्यात. त्यातली एकच सांगते. डोंबिवलीचं कुटुंब, एक टीबीची छोटी एक्स्टर्नल, कॉपी चालू असताना टेबलावरून खाली पडली. नंतर लावली की टक टक टक आणि बंद. इथपर्यंत आमच्यासाठी रोजची केस होती, डेटा वाचणारे हेड खराब झालेत, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचे हेड बसवायचे आणि इमेज, म्हणजे सगळ्या डिस्कची जशीच्या तशी प्रत, काढायची, बरंचसं हाती लागलं असतं. पण कोणीतरी फ्रीझर सांगितला. जुलै महिना, रात्रभर ठेवली, सकाळी काढून दोन मिनिटांत लॅपटॉपला लावली. टक टक थांबून करकर सुरू झाली, त्यांना वाटलं फिरतेय म्हणजे जमतंय, म्हणून दहा मिनिटं तशीच चालू ठेवली. मिनिटाला ५४०० चकरांची डिस्क, म्हणजे दहा मिनिटांत ५४ हजार चकरा, आणि प्रत्येक चकरेला हेड घासतोय. मी झाकण काढलं तेव्हा वरच्या प्लॅटरवर, म्हणजे डेटा असतो त्या चकतीवर, आरशासारखी चकचकीत पट्टी होती आणि आतल्या फिल्टरवर काळी पूड. त्या पुडीतच मुलीचे पहिल्या चार वर्षांचे फोटो होते. ती पूड परत प्लॅटरवर कोणी बसवू शकत नाही.

आता असं का होतं ते. घरातला फ्रीझर उणे १८. बाहेर २८ अंश आणि ८५ टक्के दमटपणा धरा, तर २५ च्या आसपासपासून खाली जी वस्तू गार असेल तिच्यावर पाणी धरतं, बाटलीवर धरतं तसंच. आणि अशी डिस्क हवाबंद नसते, झाकणावर श्वास घ्यायचं बारीक भोक असतं. आतली हवा २८ वरून उणे १८ ला गेली की साधारण १५ टक्के आकसते आणि तेवढी बाहेरची हवा आत ओढली जाते. आतल्या हवेत जो ओलावा होता तो प्लॅटरवर दहिवरासारखा बसतो. हेड प्लॅटरच्या वर फक्त काही नॅनोमीटरवर तरंगतो, डोळ्याला न दिसणारा थेंबसुद्धा त्याच्यापुढे डोंगर आहे.

पाटणकर काका:
ताई, तुमचा अनुभव मोठा असेल पण ही युक्ती थाप नाही. १९९६ साली ऑफिसच्या अकाउंटची डिस्क सुरूच होईना, मोटर नुसती हुं हुं करायची. आमच्या इंजिनियरने ती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून चार तास फ्रीझरमध्ये ठेवली, काढून हाताने एक हलका झटका दिला आणि फिरली. पूर्ण बॅकअप झाला. मी स्वतः शेजारी उभा होतो, ऐकीव नाही.

मुळाकाठ:
काका, तुमचं खरं आहे आणि मी ते नाकारत नाही. त्या काळच्या डिस्कमध्ये बंद केल्यावर हेड प्लॅटरवरच येऊन टेकायचे. दोन्ही पृष्ठभाग इतके गुळगुळीत की कधीकधी चिकटून बसायचे आणि मोटरला ते सुटायचे नाहीत. थंडीत धातू कमीजास्त आकसले की सुटायचे, आणि झटका दिला की सुटायचे. तुमच्या केसमध्ये थंडीने सुटलं की झटक्याने, हे तुम्हालाही सांगता येणार नाही. पण आताच्या डिस्कमध्ये हेड प्लॅटरच्या बाहेर, प्लॅस्टिकच्या रॅम्पवर जाऊन बसतात. मोटरला बॉल बेअरिंगऐवजी तेलावर तरंगणारं बेअरिंग असतं, ते गार केलं की तेल घट्ट होऊन मोटरला उलट जास्त जोर लागतो. म्हणजे ज्या रोगावर हे औषध होतं तो रोगच बदललाय.

पाटणकर काका:
झटक्याचा मुद्दा मी आजवर विचारात घेतला नव्हता. तरी चार तास ठेवल्याशिवाय ती नुसत्या झटक्याने आधी फिरत नव्हती, एवढं नोंदवून ठेवतो.

सोल्डरमास्तर:
दोघांचंही अर्धं बरोबर आहे. डिस्कच्या आत ओलावा शोषणारी पुडी असते, त्यामुळे आत पाऊस पडल्यासारखं वर्णन जरा जास्त होतंय. दुसरं, डिस्कच्या सर्किट बोर्डावरचा एखादा चिप गरम झाला की सोडून देतो अशा डिस्क मी बघितल्यात, दहा मिनिटं नीट चालतात आणि मग गायब. तिथे थंडीने फरक पडतो, हे इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला कोणीही सांगेल. आणि एवढा खटाटोप कशाला, बोर्डच बदला.

मुळाकाठ:
पुडी असते, मान्य, पण ती हळूहळू येणारा ओलावा ओढते. रात्रभरात ४६ अंशांची उडी आणि सकाळी लगेच वीज, यासाठी ती नाही. किती वेळा पुडीने वाचवलं असेल ते मला कळणार नाही, कारण वाचलेल्या डिस्क माझ्याकडे येत नाहीत, हे मात्र प्रामाणिकपणे कबूल करते. गरम चिपचं म्हणणं पूर्ण मान्य, पण मग टेबलफॅनसमोर ठेवा की, उणे १८ कशाला? आणि कृपा करून बोर्ड बदला म्हणू नका. त्या बोर्डावरच्या छोट्या रॉममध्ये त्याच डिस्कच्या हेडचं कॅलिब्रेशन असतं, तो चिप उचलून नव्या बोर्डावर लावल्याशिवाय बहुतेक आधुनिक डिस्क ओळखच दाखवत नाहीत.

सोल्डरमास्तर:
रॉम हलवायचा असतो हे मला माहीत आहे, लिहायचं राहिलं. फॅनचं ठीक आहे.

मालवणचो:
सगळं वाचलं. पण लोक फ्रीझरकडे का वळतात याबद्दल एक ओळ नाही. मला रिकव्हरीचे २२ हजार सांगितले! डिस्क साडेतीन हजाराची. आणि त्याआधी एका दुकानात नेली तर तिथल्या माणसाने काउंटरवर, डोक्यावर पंखा गरगरतोय, माझ्यासमोर स्क्रू काढून झाकण उघडलं, फुंकर मारली आणि म्हणाला ‘हेड गया’. परत देताना ५०० रुपये तपासणी घेतली. मग फ्रीझर काय वाईट?

चिंचबाग:
हेच तर म्हणत होतो! गरीब माणसाने काय करायचं? लॅबवाल्या बाईंना २२ हजार किरकोळ वाटत असतील.

मुळाकाठ:
बाई म्हणा नाहीतर काही म्हणा, पण मी २२ हजार किरकोळ म्हटलेलं नाही. पैसे कशाचे लागतात ते ऐका. तुमच्या मॉडेलची चालू डिस्क विकत घेऊन तिचा बळी द्यायचा, धूळ नसलेल्या टेबलावर हेड बदलायचे, आणि मग इमेज काढायला कधी दोन दिवस, कधी दोन आठवडे. उघड्यावर फुंकर मारणाऱ्या माणसाचा मला तुमच्यापेक्षा जास्त राग आहे, कारण त्याच्यानंतर ती डिस्क माझ्यासमोर येते आणि नाही म्हणायचं काम मला करावं लागतं.

मालवणचो:
राग असेल, पण माझे ५०० गेले आणि डेटाही. ‘डेटा नाही तर पैसे नाही’ असं दुकानाच्या पाटीवर लिहिलेलं होतं तरी तपासणीचे घेतलेच.

अनुजा_के:
माझ्या पुतण्याच्या प्रोजेक्टच्या वेळी आम्हालाही आधी नऊ हजार सांगितले, मग उघडल्यावर सोळा. आधी लेखी घ्यायला हवं होतं. बरं माझा प्रश्न, माझ्या लॅपटॉपची एसएसडी दिसत नाहीये, ती फ्रीझरमध्ये चालेल का? फोन पाण्यात पडला की तांदळात ठेवतात तसं?

सोल्डरमास्तर:
ताई, एसएसडीत फिरणारं काहीच नाही. चिकटलेलं सुटायचा प्रश्न नाही, पाणी मात्र धरेल. ठेवू नका.

गोदाकाठी:
या सगळ्या पैशाच्या भांडणात एक साधी गोष्ट राहिली. प्रत्येक डिस्क ‘डेड’ नसते. माझी दिसत होती पण फोल्डर उघडायला पाच-पाच मिनिटं. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या smartctl मध्ये Current_Pending_Sector, म्हणजे वाचताना अडणारे तुकडे, शेकड्यात. तिला फ्रीझर नको होता, फोल्डर उघडणं थांबवायला हवं होतं. मी लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून, ती डिस्क माउंट न करता, दुसऱ्या मोठ्या डिस्कवर इमेज काढली:

```
ddrescue -d -n /dev/sdb disk.img disk.map
ddrescue -d -r3 /dev/sdb disk.img disk.map
```

पहिल्या फेरीत जे सहज वाचता येतं ते आधी घेतं, अडलेलं मागे ठेवतं. दुसरीत उरलेल्यावर तीन प्रयत्न. तीस तास लागले, दहा-बारा फाइली सोडून सगळं आलं.

मुळाकाठ:
हे बरोबर, फक्त एक. टक टक किंवा करकर ऐकू आली की हे सुद्धा चालवू नका, तारच काढा. sdb कुठली आहे ते आधी दोनदा बघा, आणि इमेज त्याच डिस्कवर कधीही लिहू नका.

चिंचबाग:
सगळे मलाच शिकवताय म्हणून सांगतो. माझी पहिली डिस्क खरं तर नंतर दुसऱ्या केबलने पण चालली होती, तेव्हा ती कदाचित केबलचीच होती, ठीक आहे. दुसरी मात्र फ्रीझरनेच चालली, चाळीस मिनिटं, आणि मी त्यात लग्नाचं रेकॉर्डिंग काढलं. पुण्यात, जानेवारीत. ती माझ्यासमोर घडलेली गोष्ट आहे, ती मी खोटी म्हणणार नाही.

मुळाकाठ:
खोटी म्हणू नका. जानेवारीत पुण्याची हवा कोरडी असते, त्याने तुम्ही बऱ्यापैकी बचावलात. पण तुमची पोस्ट जुलैत अंबरनाथला कोणीतरी वाचणार आहे, त्यात निदान तेवढं तरी लिहा.

चिंचबाग:
पावसाळ्याचं लिहितो. युक्ती काढून टाकणार नाही.

कासारवडवली_१२:
मी पहिल्यांदाच लिहितोय. चिंचबाग यांची पोस्ट वाचून काल रात्री वडिलांची डिस्क फ्रीझरमध्ये ठेवलीय, आत्ताही आत आहे. दुकानाचे नऊ वर्षांचे हिशेब आहेत. काढून लगेच लावायची म्हणून बसलो होतो. आता काय करू?

मुळाकाठ:
लावू नका. पिशवी अजिबात उघडू नका, तशीच बंद बाहेर काढून टेबलावर ठेवा, म्हणजे बाहेरचं पाणी पिशवीवर धरेल, डिस्कवर नाही. उन्हात, हेअर ड्रायरसमोर, तांदळात काही नको. उद्या सकाळपर्यंत तशीच. मग पिशवी उघडून सिलिकाच्या पुड्यांसोबत डब्यात दोन दिवस. तरीही वीज द्यायच्या आधी मला सांगा, बंद पडायच्या आधी ती आवाज कसला करत होती? टक टक, शिट्टीसारखी, की काहीच नाही?

कासारवडवली_१२:
काढली. पिशवी बंदच आहे, बाहेरून पूर्ण ओली झालीय. आवाज टक टक होता, दर दोन सेकंदांनी.

मुळाकाठ:
मग डब्यातच राहू द्या, घरी लावूच नका. लॅबमध्ये नेलीत तर पहिल्यांदाच सांगा की फ्रीझरमध्ये होती, आणि आकडा उघडायच्या आधी लेखी घ्या.