मदत हवी आहे: देवक एक निघालं, तर तुमच्या घरी काय झालं?

नमस्कार. एम.ए. समाजशास्त्राच्या नातेसंबंधांच्या घटकासाठी पुण्यातल्या काही कुटुंबांशी बोलते आहे. एका ठिकाणी अडले आहे.

मुलगा-मुलगी ऑफिसात भेटले, लग्न त्यांनीच ठरवलं. दोघंही मराठा, आडनावं वेगळी. मग घरच्यांनी रीतसर पत्रिका, कुळी, देवक पाहिलं. दोन्हीकडे देवक पाचपालवी! एका देवकाचे म्हणजे भाऊबंद, म्हणून आजी अडून बसल्या. शेवटी "मुलं सुशिक्षित आहेत, जातीतलंच आहे" म्हणत लग्न झालं.

मला हेच महत्त्वाचं वाटतं. बहिर्विवाहाचा नियम वाकला, पण जातीचा अंतर्विवाह तसाच राहिला. किंबहुना त्याच्याच जोरावर पहिला वाकला. कायद्याने सगोत्र विवाहाला 1946 मध्येच मान्यता दिली. 1955 च्या कायद्यात बंदी ठरावीक निषिद्ध नात्यांपुरती आणि सपिंडांपुरती आहे: आईकडून तीन पिढ्या, वडिलांकडून पाच, तीही रूढी असेल तर शिथिल. म्हणूनच मामाच्या मुलीशी लग्न चालतं. देवकाचा त्यात उल्लेखच नाही.

तर विचारायचं असं: तुमच्याकडे देवक किंवा गोत्र कोणी पाहिलं, आणि कधी? स्थळ आल्याबरोबर, की पसंती झाल्यावर? एकच निघाल्यावर स्थळ सोडलं, की काही तोड काढली? आणि मुलांनी जमवून घरच्यांनी तपासलेल्या अशा लग्नाला तुम्ही ठरवून केलेलं म्हणाल का? मला 'प्रेमविवाह' आणि 'ठरवून केलेलं' यांपैकी कोणत्याच रकान्यात ते बसवता येत नाहीये. नावं नकोत, फक्त साधारण साल आणि गाव सांगा.