मदत हवी आहे : सीपीआयमध्ये ४६, ४७ दोन्ही नसतील तर कोड कसा द्यायचा?

मौखिक आरोग्य सर्वेक्षणात १९९७च्या डब्ल्यूएचओ पद्धतीने सीपीआय नोंदवतोय. एका प्रौढ व्यक्तीच्या खालच्या उजव्या सेक्स्टंटमध्ये, म्हणजे ४४ ते ४८ मध्ये, ४६ आणि ४७ हे दोन्ही इंडेक्स दात नाहीत. ४४, ४५ आणि अक्कलदाढ ४८ शिल्लक आहेत. इंडेक्स दात नसल्यामुळे उरलेले सगळे दात तपासून सर्वांत वरचा कोड लिहायचा, इथवर स्पष्ट आहे.

४४ वर टार्टर आहे, पण प्रोबची काळी पट्टी पूर्ण दिसते, म्हणून कोड २. ४५ ला हिरडीची कड काळ्या पट्टीवरच येते, म्हणजे पॉकेट ४ ते ५ मिमी, कोड ३. त्यामुळे सेक्स्टंटला ३ दिला. पट्टी पूर्ण आत गेली असती तर ४ दिला असता.

अडचण पुढे आहे. सहकाऱ्याच्या मते ४५ काढण्यायोग्य आहे. तसं मानलं तर ४४ आणि ४८ उरतात. किमान दोन दातांच्या अटीत ४८ धरायची का? धरली तर कोड २, नाही तर सेक्स्टंट वगळून X. तुमच्या कॅलिब्रेशनमध्ये काय ठरवलं होतं? आणि 'काढण्यायोग्य' कशावरून ठरवता, हेही कृपया सांगा.